जुना सीएनसी लेथ काढावा का? भावाचा हिशोब, माझा हिशोब आणि दोघांचा घोळ

तासकाम
नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत आमचा लहानसा गाळा आहे, थोरला भाऊ आणि मी मिळून चालवतो. दोन सीएनसी लेथ, एक व्हीएमसी आणि दोन ड्रिल. त्यातला जुना लेथ २०१२ साली १६ लाखांना घेतला होता, कर्ज केव्हाच फिटलं. त्यावर पंपाच्या स्लीव्ह निघतात, महिन्याला ५,००० नग, दोन शिफ्टमध्ये. नगाला साडेतीन मिनिटं लागतात. शंभरात चार नग रिजेक्ट होतात आणि महिन्याला चाळीसेक तास मशीन बंदच असतं.

नवं मशीन २४ लाख अधिक जीएसटी (तो क्रेडिटमध्ये मिळेल), शिवाय फाउंडेशन, स्टॅबिलायझर, जॉज, होल्डर वगैरे धरून १ लाख २० हजार. नगाला २ मिनिटं ४० सेकंद लागतील आणि रिजेक्शन एक टक्क्यावर येईल, असं विक्रेत्याने सॅम्पल काढून दाखवलं. जुन्या मशीनला एक व्यापारी ४ लाख द्यायला तयार आहे. त्यात आमच्या पार्टीने सांगितलंय की बोअरचा साइज नीट टिकवून दाखवला तर महिन्याला आणखी १,५०० नग देऊ. जुन्यावर ते जमणार नाही.

भाऊ म्हणतो, गेल्याच वर्षी स्पिंडलची बेअरिंग आणि बॉलस्क्रू बदलायला २ लाख ४० हजार घातले, ते वसूल झाल्याशिवाय मशीन हलवायचं नाही. शिवाय खात्यात ते अजून १ लाख ९० हजारांना उभं आहे, तो तोटा कोण सोसणार, असंही त्याचं म्हणणं.

मी एक्सेल मांडली. मेंटेनन्स, रिजेक्शन, दुसऱ्या शिफ्टच्या ऑपरेटरचा पगार, वीज, जागेचं भाडं (नवं मशीन ३० चौरस फूट कमी जागा घेतं) आणि नवी ऑर्डर, सगळं मिळून वर्षाला जवळपास १३ लाखांचा फायदा दिसतो. भावाच्या समाधानासाठी त्याचे २ लाख ४० हजार आणि १ लाख ९० हजारही नव्याच्या किमतीत घातले, तरी सव्वादोन वर्षांत पैसे फिटतात. भाऊ म्हणतो, एवढं गोड असेल तर कुठेतरी माशी शिंकलीच आहे. कुठे शिंकली ते सांगा.

गुरुवारची_सुट्टी
भाऊ बरोबर आहे. एक्सेलमध्ये मशीन कधीच बंद पडत नाही.

चाकोरी
मी तैवानी मशीन वापरतो, एक नंबर आहे. देशी घेऊ नका. कंट्रोलर मात्र जपानीच बघून घ्या.

तासकाम
@चाकोरी, कोणतं घ्यायचं ते ठरलंय. घ्यायचं की नाही ते ठरायचंय.

शून्यबाकी
सोपं आहे हो. जे खर्च होऊन गेले ते बुडीत, त्यांच्याकडे बघायचंच नाही. १६ लाख बुडीत, २ लाख ४० हजार बुडीत, खात्यातले १ लाख ९० हजारही बुडीत. जुन्या मशीनला तर शून्यच धरा, कारण त्याचे पैसे कधीच गेलेत. थोडक्यात जुनं मशीन फुकट आणि नवं २५ लाखांचं. फुकट ते फुकट. ठेवा की.

अडकित्ता
@शून्यबाकी, पहिली तीन वाक्यं बरोबर, चौथ्यात गाडी रुळावरून उतरली. १६ लाख गेले हे खरं, पण व्यापारी आज ४ लाख मोजायला तयार आहे ते काही गेलेले नाहीत. आज मशीन ठेवायचं ठरवलं तर ते ४ लाख सोडून द्यावे लागतात. म्हणजे जुनं फुकट नाही, ते यांना आज ४ लाखांना पडतंय, चेक कुणाच्या नावाने फाडलेला नसला तरी. हा संधी खर्च. तो कुठल्या बिलात दिसत नाही, म्हणून बहुतेक जण विसरतात.

मी बावीस वर्षं कॉस्टिंगमध्ये काढली, आता कोथरूडला नातवंडं सांभाळते. अशा फायली खूप पाहिल्यात. @तासकाम, भावाचे दोन आकडे आधी काढून टाका. मशीन विकलं किंवा ठेवलं, दोन्हीकडे ते तेवढेच राहतात, मग त्यांच्यामुळे निर्णय कसा बदलणार? तुम्ही ते समाधानासाठी घातलेत, पण पार्टीला बिल देताना समाधान म्हणून जास्तीचे चार नग लिहिता का?

तुमचे आकडेही मला पटलेले नाहीत. तीन गोष्टी विचारते. रिजेक्ट नगाची किंमत काय धरली? ऑपरेटर खरंच कमी होणार का? आणि ३० चौरस फूट जागा मोकळी झाली की मालक भाडं कमी करणार का?

गुरुवारची_सुट्टी
भोसरीतला मालक भाडं कमी करणार! @अडकित्ता ताई, नातवंडांना गोष्टी छान सांगत असाल.

तासकाम
भाडं कमी होणार नाही. :) रिजेक्ट नगाला विक्रीचा दर धरला, ११० रुपये. ऑपरेटर नऊ वर्षं आमच्याकडे आहे, त्याला काढणार नाही, ड्रिलवर घेऊ. तिकडे तसाही एक माणूस हवाच आहे.

वहीखाते
सीएच्या ऑफिसात आहे म्हणून १ लाख ९० हजारांबद्दल लिहितो. भावांना वाटतं तसा तो "तोटा" आयकरातही वेगळा दाखवायचा नसतो. मशिनरी एका ब्लॉकमध्ये असते आणि त्या ब्लॉकवर घसारा १५ टक्के. जुनं विकलं की त्याचे ४ लाख ब्लॉकमधून वजा होतात, नव्याची किंमत त्यात मिळते आणि गाडी पुढे चालू राहते. त्या एका मशीनचा आकडा किती उरला होता, हे कुणी विचारत नाही.

करात खरा फरक पडतो तो नव्या मशीनच्या घसाऱ्याचा. जीएसटीचं क्रेडिट घेतलंत तर त्या रकमेवर घसारा मिळत नाही. आणि ज्या वर्षात घेतलं त्या वर्षात ते १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं, तर पहिल्या वर्षी घसारा निम्माच मिळतो. म्हणजे घ्यायचंच असेल तर सप्टेंबरअखेर चालू झालेलं बरं. जुनं विकताना त्यावर जीएसटी कसा लावायचा ते मात्र तुमच्या सीएला विचारा, मशीन जीएसटी येण्याआधीचं आहे.

जात्यावरची
आमची कर्वेनगरला गिरणी आहे. मोटर जळली तेव्हा सासऱ्यांनी तीच तीनदा गुंडाळून घेतली. दर वेळी म्हणायचे, मागच्या वेळचे पैसे वाया जायला नकोत. चौथ्यांदा जळली तेव्हा हे म्हणाले, बाबा, आता नवी घेऊ, तर सासरे म्हणाले, तीनदा गुंडाळलेली मोटर फेकवते का तुझ्याच्याने? शेवटी ऐन दिवाळीत, भाजणीच्या गर्दीत, दोन दिवस गिरणी बंद राहिली. गिऱ्हाइकं समोरच्या गिरणीत गेली, त्यातली काही परतलीच नाहीत. दोन दिवसांच्या दळणाचा हिशोब लागला, परत न आलेल्यांचा कुणी मांडलाच नाही.

अडकित्ता
@जात्यावरची, ते मांडायला अवघड असतं, म्हणून राहून जातं.

@तासकाम, आता एकेक घेऊ. भाडं शून्य. मोकळी झालेली जागा कुणाला भाड्याने देता आली किंवा तिथे काही बसवता आलं, तरच तिची किंमत. नाहीतर ती तुमच्या एक्सेलमधली वाटणी, खिशातला पैसा नव्हे.

रिजेक्शन. ऑर्डर ५,००० ची ठरलेली आहे. नग बाद झाला की तुम्ही दुसरा काढून देता, विक्री काही बुडत नाही. मग गेलं काय? त्या नगाचा बार, थोडं इन्सर्ट, थोडी वीज, आणि त्यातून भंगाराचे पैसे वजा. किती होतात?

तासकाम
बार ६२, इन्सर्ट-वीज-कूलंट मिळून ५, भंगाराचे १२ येतात. म्हणजे ५५.

अडकित्ता
म्हणजे तुमच्या आकड्याच्या निम्मा. महिन्याला १५० नग वाचतात असं धरलं तर वर्षाला साधारण १ लाख, तुम्ही जवळपास २ लाख लिहिलेत.

ऑपरेटर. तुम्ही १८,००० गुणिले १२ वाचवलेत, पण तो पगार तुम्ही देतच राहणार. वाचतो तो ड्रिलसाठी नवा घ्यावा लागला असता त्या माणसाचा पगार, त्याला किती द्यावे लागले असते?

तासकाम
१५,००० मध्ये मिळतो. पण नव्या मशीनवर ५,००० नग एका शिफ्टमध्येही बसत नाहीत. सव्वादोनशे तास लागतात आणि एका शिफ्टमध्ये पावणेदोनशे मिळतात. उरलेल्याला ओव्हरटाइम, दुप्पट दराने, महिन्याला ८,००० च्या आसपास जातील.

अडकित्ता
मग महिन्याला जेमतेम ७,००० वाचतात. वर्षाला ८०-८५ हजार, २ लाख १६ हजार नव्हे.

आता माशी शिंकली ती इथे. जास्तीचे १,५०० नग काढायला नव्या मशीनवर आणखी ६७ तास लागतात. सव्वादोनशे आणि सदुसष्ट, म्हणजे दुसरी शिफ्ट परत सुरू. एक्सेलमध्ये तुम्ही दुसरी शिफ्ट बंद करून पगार वाचवला आणि त्याच बंद शिफ्टमध्ये १,५०० नग काढून ७ लाख २० हजारही कमावलेत. एकच तास दोनदा विकलात. ऑर्डर घेतली तर पगाराची बचत शून्य, ऑर्डर नाही घेतली तर सात लाख शून्य. दोन्ही एकदम मिळत नाहीत.

तासकाम
बापरे. हे लक्षातच आलं नाही. भावाला दाखवू की नको असं झालंय.

गुरुवारची_सुट्टी
दाखवा, पण जेवण झाल्यावर.

मायक्रॉन_काका
चिंचवडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये तीस वर्षं काढली. तुम्ही सगळे पैशावरच बोलताय, मशीनकडे कुणी बघेना.

बुडीत खर्च बघायचा नाही, हे मान्य. पण २ लाख ४० हजार बुडाले म्हणून बेअरिंगही बुडाल्या की काय? स्पिंडल नवी झाली, बॉलस्क्रू नवा झाला. पैसे विसरा, पण त्या पैशांनी मशीनमध्ये काय झालं ते विसरू नका. @तासकाम, मेंटेनन्सचा आकडा कुठून आणलास?

तासकाम
काका, तीन वर्षांची सरासरी. १ लाख ४० हजार येते. नव्याला ३० हजार धरले, म्हणून फरक १ लाख १० हजार.

मायक्रॉन_काका
म्हणजे त्या सरासरीत स्पिंडलचे पैसे आहेत! तो भाऊ ते पुढच्या दाराने आत आणतोय आणि तू मागच्या. पुढच्या पाच वर्षांत स्पिंडल परत बदलणार आहेस का? स्पिंडल काढली तर वर्षाला किती उरतात?

तासकाम
साठ हजारांच्या आसपास.

मायक्रॉन_काका
त्यात एखादा ड्राइव्ह किंवा टरेटचा घोळ धर, २०१२ चं मशीन आहे, होणारच. वर्षाला आणखी ३० हजार धरून ठेव. म्हणजे जुन्याला ९० आणि नव्याला ३०. फरक ६० हजार.

आणि रिजेक्शन. स्पिंडल नवी, बॉलस्क्रू नवा, तरी चार टक्के का? तुझे बाद नग दिवसाच्या कुठल्या वेळेला पडतात ते कधी लिहून ठेवलंस का? सकाळी थंड मशीनवर सरळ जॉब लावला की स्पिंडल गरम होईपर्यंत बोअर सरकत राहतो. ऑपरेटर ऑफसेट देतो, मशीन गरम होतं, परत ऑफसेट द्यावा लागतो. आठवडाभर बाद नगांवर वेळ लिही. पहिल्या तासातले जास्त असतील तर दोष थंडीचा, चकाजवळ स्लाइड झिजली असेल तर दिवसभर सारखेच पडतील.

शून्यबाकी
काका, पण हा मशीनचा प्रश्न झाला, धागा निर्णयाचा आहे.

अडकित्ता
नाही, काकांनी निर्णयाचाच मुद्दा काढलाय. नव्याची तुलना जुन्याशी करायची ती आज जसं चालतंय त्याच्याशी नव्हे, नीट चालवलं तर जसं चालेल त्याच्याशी. जे फुकटात सुधारता येतं त्याचं श्रेय २५ लाखांच्या मशीनला द्यायचं नाही. @तासकाम, आठवडाभर लिहाच.

तोवर पैशाची बाजू. मशीनला पैसे कुठून आणणार?

तासकाम
१० लाख घरचे, बाकी कर्ज. भाऊ म्हणतो, घरच्या पैशाला व्याज कसलं?

वहीखाते
ते १० लाख आज एफडीत असतील तर ७ टक्के सोडताय. तेवढं तरी धरा.

अडकित्ता
एफडीत आहेत का? आणि तुमची सीसी किती टक्क्यांनी चालते?

तासकाम
एफडीतच आहेत. सीसी साडेदहा टक्के, बारा लाख कायम वापरात.

अडकित्ता
मग त्या १० लाखांचं उत्तम काम एफडी नाहीच, आज सीसी भरणं हेच आहे. घरच्या पैशाचा दरही साधारण तोच धरायचा. सात नाही आणि शून्य तर नाहीच. हिशोबाला सरळ १० टक्के घेऊ.

२५ लाख २० हजार घालायचे, जुन्याचे ४ लाख येणार, म्हणजे २१ लाख २० हजार. पाच वर्षांनी नवं किती आणि जुनं किती येईल?

तासकाम
नवं ११ लाखांना जाईल असं विक्रेता म्हणतो. जुनं तेव्हा भंगारात, दीड लाख.

मायक्रॉन_काका
विक्रेता म्हणतो म्हणजे नऊ धर.

अडकित्ता
काकांचं खरं असू शकतं, पण आधी अकरावर मांडते. पाच वर्षांनी साडेनऊ लाखांचा फरक परत येतो. एक्सेलमध्ये हे टाका:

```
=PMT(10%,5,-2120000,950000)
```

उत्तर साधारण ४ लाख ४ हजार. म्हणजे नवं मशीन आणलं की पाच वर्षं दरवर्षी तुम्हाला ४ लाख ४ हजारांचा बोजा. करापूर्वीचं आहे हे, कर धरला की दोन्ही बाजू थोड्या हलतील.

आता ऑर्डर नसेल तर बाजू पाहा. मेंटेनन्स ६० हजार, रिजेक्शन १ लाख, वीज तुम्ही म्हणता तशी ३६ हजार, ऑपरेटर ८३ हजार. पावणेतीन लाखांच्या थोडं वर. चार लाखांचा बोजा निघत नाही. नुसती बचत करायला हे मशीन घेऊ नका.

तासकाम
म्हणजे सगळं ऑर्डरवर आलं. ती मिळाली तर ७ लाख २० हजार.

अडकित्ता
तेही एवढ्यात लिहू नका. नवं मशीन न घेता ते १,५०० नग करून घेता येतील का? तुमच्या गल्लीत कुणाकडे चांगलं मशीन मोकळं आहे?

तासकाम
मागच्या गाळ्यात एकाकडे आहे. २८ रुपये नग सांगतो. जाणं-येणं धरून आमच्या हाती नगामागे १४ रुपये उरतील, स्वतः केले तर ४०.

अडकित्ता
मग मशीन नसतानाही त्या ऑर्डरवर वर्षाला अडीच लाख मिळू शकतात. ते मशीनची कमाई नव्हेत. मशीनमुळे वाढतात ते नगामागे २६ रुपये, म्हणजे वर्षाला ४ लाख ६८ हजार. त्यात मेंटेनन्स, रिजेक्शन आणि वीज मिळवली की साडेसहा लाखांच्या वर जातं, बोजा ४ लाखांचा. आता मशीन घ्यायला अर्थ आहे. पण तुमच्या एक्सेलमधल्या १३ लाखांचं काय झालं ते पाहा.

गुरुवारची_सुट्टी
१३ चे साडेसहा. पुण्यातल्या रिक्षासारखं, मीटरने गेलात तर निम्मं.

पिंपळपान
मी तळेगावला असाच घोळ घातलाय, म्हणून लिहितोय. नवं घेतलं आणि जुनं विकलं नाही. "रफिंगला ठेवू" म्हणालो. सगळेच म्हणतात. रफिंगला काम नव्हतंच, मशीन कोपऱ्यात उभं राहिलं आणि त्यावर भंगाराचे डबे, तेलाचे कॅन. व्यापाऱ्याने तेव्हा साडेतीन लाख सांगितले होते, दोन वर्षांनी दीडला गेलं. जागा अडली ती वेगळीच, तिथे एक टॅपिंग मशीन बसलं असतं. तेव्हा @तासकाम, ठेवायचं असेल तर त्यावर काय काम करणार ते आधी कागदावर लिहा.

शून्यबाकी
पण मग वर्षभर थांबलं तर? ऑर्डर पक्की होईपर्यंत?

अडकित्ता
चांगला प्रश्न आहे. थांबायला पैसे पडतात, पण फार नाहीत. @तासकाम, वर्षभराने व्यापारी किती देईल?

तासकाम
विचारलं. तीन म्हणाला, तेही मशीन चालू असेल तर.

अडकित्ता
म्हणजे थांबण्याची किंमत साधारण १ लाख, आणि तेवढ्या काळात स्वतः नग काढून जे जास्त मिळालं असतं ते. त्याच्या बदल्यात तोवर तुम्हाला कळतं की पार्टी खरंच ऑर्डर देते का. मागच्या गाळ्यातून दोन-तीन महिने नग काढून द्या. पार्टीला नग हवेत, तुमच्याकडे कुठलं मशीन आहे त्याच्याशी तिला फार देणंघेणं नसतं.

मायक्रॉन_काका
असतं. मोठ्या पार्ट्या कुठल्या मशीनवर नग निघतो ते नोंदवून घेतात. मध्येच मशीन बदललं तर सगळी मंजुरी परत करावी लागते. आधी विचारून घे, नाहीतर दोनदा सॅम्पल, दोनदा रिपोर्ट.

अडकित्ता
काका, हे माझ्या लक्षात नव्हतं. खरं आहे.

तासकाम
(आठ दिवसांनी)
काकांनी सांगितल्याप्रमाणे आठवडाभर बाद नगांवर वेळ लिहिली. जवळपास निम्मे नग पहिल्या तासातले निघाले, सकाळी आणि जेवणानंतर मशीन थंड झाल्यावर. आता रोज वीस मिनिटं मशीन नुसतं फिरवून मग जॉब लावतो. आठवड्याच्या आकड्यावरून महिन्याला २०० ऐवजी १२० नग बाद जातील असं दिसतंय. वीस मिनिटांची वीज जाते, पण ती किरकोळ.

म्हणजे नवीन मशीनमुळे वाचणारे नग १५० नाहीत, ७० आहेत. रिजेक्शनची बचत १ लाखावरून ४६ हजारांवर आली. मी परत मांडलं तेव्हा ऑर्डरचे महिन्याला किमान ८४० नग पाच वर्षं आले तरच मशीन फिटतं. आधी ६७० वर फिटत होतं. मशीन नीट चालवायला शिकलो आणि नवं घ्यायचं कारण कमी झालं, हसावं की रडावं!

जात्यावरची
हसा. फुकटात ऐंशी नग वाचले की हो महिन्याला.

वहीखाते
८४० येताना पाच वर्षांनी नव्याचे अकरा लाख धरलेत. काकांचे नऊ धरलेत तर?

तासकाम
तेही केलं. नऊ लाखांवर ९४५ नग लागतात.

शून्यबाकी
१,५०० पैकी ९४५. म्हणजे ऑर्डर एक तृतीयांश कमी झाली तरी चालते. घ्या की मग.

मायक्रॉन_काका
पाच वर्षं सलग, हे विसरलास. पंपवाल्यांचं काम पावसाळ्यानंतर पडतं हे मी तीस वर्षं बघत आलोय. वर्षाची सरासरी विचार, एका महिन्याची नको.

तासकाम
पार्टीकडे जाऊन आलो. लेखी काही देत नाहीत, "शेड्यूल येईल" एवढंच. पण काकांचं खरं निघालं, मागच्या गाळ्यातून सुरुवात केली तर मशीन बदलताना परत मंजुरी घ्यावी लागेल. परचेसवाले म्हणाले, तीन महिने तसं चालेल, त्यापुढे नाही.

घरी आता वाद वेगळाच सुरू झालाय. स्पिंडलचे २ लाख ४० हजार भाऊ आता बोलत नाही. त्याऐवजी म्हणतो, तीन महिने बाहेरून काढू, या तीन महिन्यांची सरासरी साडेनऊशेच्या वर गेली तर मशीन, नाहीतर जुनंच. मी म्हणतो, तीन महिन्यांत पावसाळ्यानंतरचा पडता काळ येतच नाही, मग त्या सरासरीला अर्थ काय? आणि व्यापारी दर महिन्याला फोन करतो, दर वेळी थोडं कमी सांगतो. काल ३ लाख ८५ हजारांवर आला.

गुरुवारची_सुट्टी
व्यापाऱ्याला सांगा, रोज सकाळी वीस मिनिटं गरम करतो आता, भाव वाढवा.